एका बोल्टची घाऊक लिस्टिंग

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बोल्ट घ्यायला आलेला माणूस बरेचदा खिशातून जुना बोल्ट काढून काउंटरवर ठेवतो. दुकानदार त्यावर नट फिरवून बघतो, डोक्यावरचे आकडे वाचतो, "फुल थ्रेड की हाफ?" असं विचारतो आणि मगच भाव सांगतो. तोच बोल्ट ऑनलाइन घाऊक बाजारात विकायचा झाला, तर हे सगळे प्रश्न कोणी विचारत नाही. ते ओळखून त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवणं हेच लिस्टिंग लिहिणाऱ्याचं काम. बहुतेक लिस्टिंगमध्ये मात्र 'एम १२ बोल्ट, हाय टेन्साइल, उत्तम दर्जा' एवढंच असतं. यातल्या 'उत्तम दर्जा'चा खरेदी विभागाला काहीच उपयोग नाही, आणि 'हाय टेन्साइल'चाही फारसा नाही.

भोसरीतला एखादा फॅब्रिकेटर १२ मिलिमीटर जाडीचा, ५० मिलिमीटर लांबीचा षटकोनी डोक्याचा बोल्ट शोधतो आहे असं धरू. लांबी डोक्याच्या खालून मोजतात, डोकं त्यात धरत नाहीत. पण काउंटरसंक बोल्टचं डोकं धातूत बुडतं, म्हणून तिथे ते धरूनच लांबी मोजतात. नवख्या विक्रेत्याची पहिली चूक इथेच होते. पुढचा प्रश्न आट्यांचा. एम १२ च्या नेहमीच्या आट्यांचा पिच १.७५ मिलिमीटर असतो. बारीक आट्यांचा १.५ किंवा १.२५ चाही मिळतो, आणि तो या नटात दोन-तीन फेऱ्यांत अडकतो. बोल्ट पूर्ण आट्यांचा आहे की अर्ध्या, हेही लिहायला हवं. अर्ध्या आट्यांच्या या बोल्टला सुमारे ३० मिलिमीटर आटे असतात आणि वरचा २० मिलिमीटरचा दांडा गुळगुळीत असतो. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात तिथे जोर त्या गुळगुळीत भागावर यावा म्हणून डिझायनर तो मुद्दाम मागतो.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो डोक्याच्या रुंदीत. जुन्या जर्मन डिन ९३३ मानकाप्रमाणे एम १२ ला १९ मिलिमीटरचा पाना लागतो, आयएसओ ४०१७ प्रमाणे १८ चा. आपलं आयएस १३६४ आयएसओच्याच मापांवर चालतं. जोर सोसण्यात दोन्ही बोल्ट सारखेच, म्हणून विक्रेता खुशाल 'डिन/आयएसओ' असं तिरक्या रेघेने लिहून मोकळा होतो. पण असेंब्ली लाइनवरच्या न्यूमॅटिक रेंचला १८ चं सॉकेट बसवलेलं असेल, तर १९ चं डोकं त्यात जाणार नाही आणि माल आहे तसा परत येईल. गंमत म्हणजे एम ८ आणि एम १६ ला हा फरकच नाही. त्यामुळे ही मापं विकून सरावलेला माणूस एम १० आणि एम १२ ला फसतो. त्यावर उपाय सोपा आहे: एकच मानक लिहायचं आणि शेजारी पान्याचं माप वेगळं द्यायचं.

ताकदीसाठी '८.८' हा वर्ग पुरतो. पहिल्या ८ चा अर्थ तुटण्याची नाममात्र ताकद ८०० मेगापास्कल, आणि पुढचा .८ म्हणजे तिच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणू लागतो. साध्या ४.६ वर्गाच्या बोल्टला हेच आकडे ४०० आणि २४० असतात. मुलामा मात्र जाडीसकट सांगावा. विजेच्या साहाय्याने दिलेला जस्ताचा थर साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा असतो, वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला ४० च्या वर जातो आणि त्यावर साधा नट चढत नाही, मोठ्या आट्यांचा लागतो. बाजारात दोन्हींना सर्रास 'गॅल्व्हनाइज्ड' म्हणतात, म्हणून तो शब्द एकटा वापरू नये.

आता भाव. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा १०० नगांचा खोका आहे. एक ऑर्डर काढणं, बांधणं आणि बिल करणं यांचा खर्च १२० रुपये, आणि एका बोल्टमागे सुटतात ८० पैसे. म्हणजे १५० नग विकले तेव्हा नुसता खर्च निघाला. म्हणून किमान ऑर्डर २०० नग, पुढे १०० च्या पटीत. ही पट लिहायला बरेच जण विसरतात आणि मग कोणीतरी २३० मागतो. खोका फोडा, ३० मोजा, उरलेले ७० सांभाळा, यात त्या ऑर्डरची कमाई जाते. वेगळ्या लांबीचा बोल्ट मुद्दाम करवून घ्यायचा असेल, तर किमान संख्या हजारांत जाते. उष्णता प्रक्रिया आणि मुलामा करणारे ठरावीक वजनाखालचा माल घेत नाहीत, किंवा घेतला तरी पूर्ण लॉटचे पैसे लावतात. हे कारण लिस्टिंगमध्येच एका ओळीत दिलं, की घासाघीस कमी होते.

२०० ते ९०० नगांना १२ रुपये, १,००० ते ४,९०० ला ११.२०, आणि ५,००० पासून पुढे १०.५० असे स्लॅब लावले. गिऱ्हाइकाने ५,००० मागितले तर बिल किती? सगळ्या मालाला १०.५० लावले तर ५२,५०० रुपये. पण विक्रेत्याच्या मनात टप्प्याटप्प्याचा हिशेब असेल, म्हणजे पहिल्या ९०० ला १२, पुढच्या ४,००० ला ११.२० आणि शेवटच्या १०० ला १०.५०, तर ५६,६५०. लिस्टिंग तीच, भांडण ४,१५० रुपयांचं, आणि दोघांचाही हिशेब बरोबर. 'हा दर संपूर्ण ऑर्डरला लागू' एवढं एक वाक्य ते भांडण मिटवतं.

पण ते वाक्य लिहिलं की दुसरा पेच दिसतो. ४,७०० नगांचे ११.२० ने ५२,६४० होतात. म्हणजे ३०० नग जास्त घेणारा १४० रुपये कमी देतो! जाणकार खरेदीदार हे लगेच ताडतो, ५,००० मागवतो आणि वरचे ३०० त्याला फुकट पडतात. दरातली उडी मोठी असली की हे होणारच. मध्ये ३,००० पासून १०.८५ ची एक पायरी घातली, तर हा उलटा हिशेब फक्त ४,९०० च्या एका ऑर्डरपुरता उरतो. स्लॅब जाहीर करण्याआधी प्रत्येक उंबरठ्याच्या खालच्या चार-पाच संख्यांचं बिल कागदावर मांडून बघावं.

दर एका नगाचा की शेकड्याचा की किलोचा, नट-वॉशर धरून की नुसता बोल्ट, ५० आणि ६० लांबीचे मिळून स्लॅब मोजायचा की वेगवेगळा, वर १८ टक्के जीएसटी वेगळा का, दर कोणत्या तारखेपर्यंत: या सगळ्यांना अर्धी-अर्धी ओळ पुरते. पोलादाचा भाव हलता असताना तारीख नसलेला दर फार धोक्याचा.

एक लिस्टिंग नीट झाली की तीच कॉपी करून एम १६ ची बनवली जाते, आणि पिच १.७५ तसाच राहून जातो, खरा २ असताना. हे पकडायला वजन उपयोगी पडतं. आपल्या एम १२ × ५० च्या बोल्टचं वजन साधारण ५३ ग्रॅम, म्हणजे खोका पाच किलोच्या थोडा वर. एम १६ च्या नोंदीतही खोक्याचं वजन तेवढंच दिसलं, तर बाकीचे रकानेही कोणी बदललेले नाहीत असं समजावं.