पानांआड अडणारा सिग्नल

द्राक्षबागेतला लोरा नोड दर पंधरा मिनिटांनी जागा होतो. मातीची ओल आणि हवेचं तापमान मोजून बारा बाइटचा निरोप तो गेटवेकडे धाडतो आणि पुन्हा झोपी जातो. भारतात यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे.

छाटणीनंतर ठणठणीत चालणारा नोड वेली पानांनी भरल्या की अडखळतो. ओली पानं लहरी शोषतात. गेटवेवरचा SNR घसरत जातो आणि निरोपांचे क्रमांक मधूनमधून गळू लागतात.

स्प्रेडिंग फॅक्टर 7 वरून 12 वर नेला, तर क्षीण सिग्नलही वाचता येतो. पण 125 किलोहर्ट्झच्या नेहमीच्या बँडविड्थवर 41 मिलिसेकंदांत संपणारा निरोप मग एक सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो. बॅटरी भराभर उतरते, इतर नोडच्या निरोपांशी टक्करही वाढते. म्हणून आधी अँटेना मांडवाच्या वर, बांबूवर चढवून पाहावा.