दुप्पट वजन दाखवणारा काटा

चिनी बाजारासाठी बनलेला स्मार्ट वजनकाटा भारतातल्या घरात येतो तेव्हा पहिला धक्का बहुधा पहिल्याच दिवशी बसतो. साठ-एकसष्ट किलोच्या गृहिणी काचेवर उभ्या राहतात आणि समोर आकडा उमटतो १२२.८. घरातले म्हणतात, काटा खराब निघाला, परत पाठवा. काटा मात्र ठणठणीत असतो. तो वजन जिनमध्ये सांगत असतो.

एक जिन म्हणजे बरोबर ५०० ग्रॅम. चीनमध्ये १९५९ पर्यंत एका जिनचे सोळा लियांग होत. त्या वर्षी सरकारने ते दहा केले, पण जिन काही गेला नाही. आजही तिथल्या मंडईत भाजीचा भाव जिनवर सांगतात आणि माणसेही स्वतःचे वजन सर्रास जिनमध्येच बोलतात. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि शेर व्यवहारातून हद्दपार झाला, त्यामुळे किलोशिवाय दुसऱ्या मापात वजन सांगितले जाईल, अशी शंकाही आपल्याकडे कुणाला येत नाही. चिनी काट्यांना मात्र किलो, जिन आणि पौंड अशी तिन्ही मापे येतात.

अ‍ॅपमधला एकही शब्द वाचता येत नसला तरी माप कोणते चालू आहे, हे घरच्या घरी कळते. आधी रिकाम्या हाताने काट्यावर उभे राहायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. मग दहा किलोची न फोडलेली आट्याची पिशवी हातात घेऊन पुन्हा उभे राहायचे. आकडा दहाच्या आसपास वाढला तर किलो, विसाने वाढला तर जिन आणि बाविसाने वाढला तर पौंड. पिशवी नुसती काचेवर ठेवून उपयोग नाही. न्हाणीघरातले पुष्कळसे काटे हलके वजन धरतच नाहीत, शिवाय पिशवी चारही पायांवर नीट बसत नाही. फरक या तिन्हीत न बसता सात किंवा तेरा असा आला, तर मात्र दोष मापाचा नाही. काटा गालिच्यावर किंवा उंचसखल फरशीवर आहे का, ते आधी पाहावे.

माप बदलायचे ते बहुतेक काट्यांत अ‍ॅपमधून. चिनी अ‍ॅपच्या तळपट्टीत उजव्या टोकाला सहसा 我的 हे बटण असते, म्हणजे ‘माझे’. त्याच्या आत 设置 म्हणजे सेटिंग आणि त्यात 单位 म्हणजे माप. ते उघडले की तीन पर्याय दिसतात: 公斤, 斤 आणि 磅. पहिला किलो, दुसरा जिन, तिसरा पौंड. किलोच्या नावात जिनचे अक्षर आहेच, फक्त त्याच्या आधी आणखी एक आहे. एवढी खूण लक्षात ठेवली तर चूक होत नाही: दोन अक्षरी पर्याय निवडायचा.

इथे अनेकजण अडकतात. अ‍ॅपमध्ये किलो निवडले, तरी काटा जिनच दाखवत राहतो. कारण ही निवड फोनमध्ये होते आणि काट्याला ती ब्लूटूथवरून कळवावी लागते. काट्याचे ब्लूटूथ वीज वाचवण्यासाठी एरवी झोपलेले असते, पाय पडला की जागे होते. म्हणून माप बदलल्यावर अ‍ॅप उघडे ठेवून, फोन जवळ धरून एकदा काट्यावर उभे राहावे. पुढच्या वेळी काचेवर kg दिसू लागते. काही काट्यांना खालच्या बाजूला, बॅटरीच्या झाकणाजवळ, माप बदलायचे बटणच असते; तिथे अ‍ॅपची गरज पडत नाही.

डिजिटल तापमापीतही सेल्सिअस आणि फॅरनहाइट असा घोळ होतो, पण तो टिकत नाही. ३८ आणि १००.४ यांची गल्लत कुणी करणार नाही. वजनाचे तसे नाही. १२२ किलो हे खरोखरच एखाद्याचे वजन असू शकते, म्हणून अ‍ॅपला त्यात काही वावगे दिसत नाही.

माप ही डोळ्यांना दिसणारी चूक. खरी गोम प्रोफाइलमध्ये आहे, कारण तिथली चूक चुपचाप बसून राहते. शरीरातली चरबी, स्नायू, पाणी, हाडे असे दहा-बारा आकडे अ‍ॅप दाखवते. त्यांतले काटा मोजतो फक्त दोन: वजन आणि विद्युतरोध. काचेवरच्या धातूच्या पट्ट्यांतून अगदी सूक्ष्म प्रवाह एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. पाणी आणि स्नायू यांतून तो सहज वाहतो, चरबीतून अडखळतो. या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधायचा तर उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे लागतेच, आणि ते अ‍ॅपला आपण सांगतो. प्रत्येक कंपनीचे सूत्र वेगळे असते, पण अशा सूत्रांत उंचीचा वर्ग भागिले विद्युतरोध ही राशी ठाण मांडून असते. वर्ग असल्यामुळे उंचीतली छोटी चूकही मोठी होऊन बाहेर येते.

आपल्याकडे उंची फूट-इंचात पाठ असते आणि चिनी अ‍ॅपमधली 身高 म्हणजे उंचीची रकाना सेंटिमीटरचा. मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर ५.१० गुणिले ३०.४८ असे केले जाते आणि उत्तर येते १५५.४. इथेच घात होतो. पाच फूट दहा इंच म्हणजे सत्तर इंच, आणि सत्तर गुणिले २.५४ म्हणजे १७७.८ सेंटिमीटर. त्या गृहस्थांचे वजन ७४ किलो धरले, तर त्यांचा खरा बीएमआय सुमारे २३.४ येतो. अ‍ॅपला मात्र बावीस सेंटिमीटरने बुटका माणूस सांगितलेला असल्याने ते ३०.६ दाखवते आणि थेट लठ्ठपणाच्या पट्ट्यात ढकलते. चरबीचा आकडाही फुगतो, कारण उंचीचा वर्ग खऱ्याच्या पाऊण पटीवर आलेला असतो. पाच फूट दोन इंचांच्या बाबतीत हाच चुकीचा गुणाकार १५७.५ ऐवजी १५८.५ देतो. तिथे फरक एकाच सेंटिमीटरचा, म्हणून चूक कुणाला कळतही नाही. तेव्हा आधी सगळे इंचांत करावे, मग २.५४ ने गुणावे. लिंगाच्या जागी 男 म्हणजे पुरुष आणि 女 म्हणजे स्त्री. हे उलटे झाले तर वजन बरोबर राहते आणि चरबीची टक्केवारी साफ चुकते.

प्रोफाइल बिनचूक भरले तरी आकड्याशेजारचा हिरवा-पिवळा रंग आपल्यासाठी बरोबर असेलच असे नाही. चीनमध्ये बीएमआय २४ पासून जादा वजन आणि २८ पासून लठ्ठपणा मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषात हे आकडे २५ आणि ३० आहेत. भारतीयांना कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून आपले डॉक्टर २३ आणि २५ धरतात. सुरुवातीच्या त्या गृहिणींची उंची पाच फूट दोन इंच असेल आणि त्या ६१.४ वरून ५८.५ किलोवर आल्या, तर त्यांचा बीएमआय २३.६ होतो. चिनी निकषांवर चालणारे अ‍ॅप त्यांना हिरवा रंग देईल, भारतीय निकषांत मात्र वजन अजून जादाच. अ‍ॅप कोणती पट्टी वापरते, हे ओळखायला भाषा लागत नाही. बीएमआयच्या आकड्यावर बोट ठेवून आलेख उघडायचा आणि हिरवा पट्टा कुठे संपतो ते पाहायचे.

राहिल्या जुन्या नोंदी, म्हणजे 历史记录. एका काट्यावर घरातले चौघे उभे राहतात, पण कोण उभे आहे ते काट्याला दिसत नाही. कुणाच्या मागच्या वजनाशी आकडा जवळचा आहे, एवढे पाहून पुष्कळशी अ‍ॅप ती नोंद त्याच्या खात्यात टाकतात. नवरा ७४ आणि बायको ६१ असेल तोवर बिघडत नाही. आई ६१.४ आणि मुलगी ५९.८ झाल्या की आईची नोंद मुलीकडे जाऊ लागते. आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली दिसला, एका दिवशी दोन नोंदी आल्या आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, तर सरमिसळ झाली आहे असे समजावे. अशा वेळी आपले प्रोफाइल आधी उघडून मगच काट्यावर पाय ठेवावा. चुकीची नोंद सहसा बोटाने दाबून धरली किंवा डावीकडे सरकवली की काढता येते. पाहुण्यांसाठी 访客 हा पर्याय असतो, त्यात मोजलेले कुणाच्या खात्यात चढत नाही.

माप बदलल्यावर जुन्या नोंदींचे काय होते, तेही एकदा तपासावे. चांगले अ‍ॅप वजन आत एकाच मापात साठवते आणि दाखवताना रूपांतर करते. तिथे किलो निवडताच मागच्या आठवड्यातले १२२.८ आपोआप ६१.४ होते. जुना आकडा तसाच राहिला, तर अ‍ॅपने नुसता आकडा साठवला आहे आणि आलेखात एक उभा कडा कायमचा राहील. ते दिवस पुसून टाकणे बरे. प्रोफाइलमधली उंची नंतर दुरुस्त केली, तर मागची चरबीची टक्केवारी बहुतेक अ‍ॅप बदलत नाहीत. म्हणून दुरुस्तीच्या दिवशी आलेखात दिसणारी घसरण आहाराचे यश नसते. ती तारीख कुठेतरी लिहून ठेवावी.

चिनी अ‍ॅपशी झगडायचेच नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये त्या एका अ‍ॅपपुरती भाषा बदलणे. आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइडवर २०२२ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून तशी सोय आहे. अ‍ॅपमध्ये इंग्रजी मुळात भरलेले असेल तरच ती चालते. दुसरी वाट openScale या मोफत अँड्रॉइड अ‍ॅपची. अनेक कंपन्यांचे काटे त्याला जोडता येतात, खाते उघडावे लागत नाही, नोंदी फोनमध्येच राहतात आणि तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात. आपला काटा त्याच्या यादीत आहे का, हे मात्र खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना या नोंदींतून वजनाचा रकाना जरूर न्यावा, किलोमध्ये आणि तारखेसकट. चरबीचे आकडे रोज सकाळी एकाच वेळी, अनवाणी आणि कोरड्या पायांनी घेतले असतील तरच, तेही महिन्याचा कल पाहण्यापुरते, न्यावेत. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांना या काट्यावर उभे करू नका. त्यांच्यासाठी साधा वजनकाटा ठेवा.