खोडरबर बाजूला ठेवा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलानं आपल्या मावसबहिणीला C भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम पाठवला. कोणतीही संख्या दिली की तो तिचं बायनरी रूप छापतो, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिलेली तीच संख्या. प्रोग्रॅम चालत होता, उत्तरही बरोबर येत होतं. त्याची अडचण वेगळीच होती. ‘ताई, भागाकार करताना बाक्या उलट्या क्रमानं मिळतात, मग हा छापतो सुलट्या कशा?’

```c
void bin(int n) {
    if (n == 0) return;
    bin(n / 2);
    printf("%d", n % 2);
}
```

ताई सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. हे फोनवर सांगून होणारं काम नाही हे ओळखून तिनं चक्क कागदावर पत्र लिहिलं, कारण तिला चौकटी काढून दाखवायच्या होत्या. पत्रातली पहिलीच सूचना अशी होती: ‘वहीचं कोरं पान घे, पेन घे आणि खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवून ये.’

फंक्शननं स्वतःलाच हाक मारणं म्हणजे रिकर्शन, एवढं पहिल्या वर्षातल्या प्रत्येकाला पाठ असतं. हाक मारल्यावर आधीच्या कामाचं काय होतं, हा खरा प्रश्न. ताईचा नियम साधा आहे. दर हाकेला नवी चौकट काढायची, तिच्यात त्या हाकेचा n लिहायचा आणि ‘ओळ ४ बाकी’ अशी नोंद करायची. जुनी चौकट खोडायची नाही, तिच्यातला आकडाही बदलायचा नाही.

`bin(13)` पासून सुरुवात करू. पहिल्या चौकटीत १३. ते शून्य नाही, म्हणून तिसरी ओळ `bin(6)` ला हाक मारते. १३ ची चौकट तिथंच थांबते, तिची चौथी ओळ अजून व्हायची आहे. पूर्णांकांचा भागाकार असल्यामुळे १३ चे निम्मे ६ धरायचे. मग ६ खाली ३ ची चौकट, तिच्याखाली १ ची आणि शेवटी ० ची. पानावर आता पाच चौकटी आहेत आणि पडद्यावर अजून एक अक्षरही उमटलेलं नाही. हा क्षण फार महत्त्वाचा आहे, तिथं थोडं थांबायला हवं.

शून्याची चौकट काही न छापता लगेच परतते. तिच्यावर काट मारायची. वरची १ ची चौकट जिथं थांबली होती तिथूनच पुढं चालू लागते: १ ला २ नं भागून बाकी १, छाप `1`. मग ३ ची चौकट, बाकी १. मग ६ ची, बाकी ०. सर्वांत शेवटी १३ ची, बाकी १. पडद्यावर `1101`, म्हणजे आठ अधिक चार अधिक एक, बरोबर तेरा. सर्वांत आधी उघडलेली चौकट सर्वांत शेवटी मिटली, म्हणून क्रम सुलटा झाला. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

खोडरबर असता तर काय झालं असतं? मुलानं एकच n मानला असता आणि १३ खोडून ६, ६ खोडून ३ असं करत शून्यावर आला असता. मग छापायला उरलं काय, तर शून्याची बाकी, तीही चार वेळा: `0000`. प्रोग्रॅम तर `1101` छापतो. कागद आणि पडदा जुळले नाहीत, की आपल्या समजुतीत नेमकं कुठं बिनसलंय ते लगेच कळतं.

हा घोटाळा एकट्यादुकट्याचा नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले हँक काहनी यांनी नवशिक्यांना रिकर्शन कसं समजतं यावर १९८३ साली शोधनिबंध लिहिला. बरेच नवशिके रिकर्शनला लूपच समजतात, आणि जाणकार मात्र प्रत्येक हाकेला फंक्शनची वेगळी प्रत उभी राहते असं मानतात, असं त्यांना आढळलं. गंमत अशी, की चुकीची समजूत कित्येकदा बरोबर उत्तर देते. आपल्याच प्रोग्रॅमच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळींची अदलाबदल करून पाहा. आता आधी छपाई होते आणि मग हाक, म्हणून `1011` येतं. लूप समजून सोडवलं तरी `1011` च येतं. हाक शेवटच्या ओळीत असली, की मागं कुठलंच काम खोळंबून राहत नाही आणि दोन समजुतींमधला फरक झाकला जातो. अशीच उदाहरणं सोडवून परीक्षा देणारा मुलगा पास होतो, पण पुढं झाडासारख्या रचनेवर फिरणारा प्रोग्रॅम समोर आला की अडखळतो. त्यामुळे हातानं सोडवायला उदाहरण निवडताना हाकेनंतर काही काम शिल्लक असलेलंच निवडावं.

चौकटी काढणं हा निव्वळ कल्पनेचा खेळ आहे का? तसं नाही. संगणकाच्या मेमरीत जवळपास अशीच चळत रचली जाते, तिलाच स्टॅक म्हणतात. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या एका निबंधात रिकर्शन असलेले प्रोग्रॅम अशा चळतीच्या आधारे कसे चालवता येतात ते मांडलं होतं. ताईनं पुरावा पाहण्याची सोयही सांगितली आहे. प्रोग्रॅम `-g` लावून कंपाइल करायचा, `gdb` मध्ये उघडायचा आणि या तीन आज्ञा द्यायच्या:

```
break bin if n == 0
run
bt
```

`main` मधून `bin(13)` ला हाक मारली असेल, तर पडद्यावर n च्या ०, १, ३, ६, १३ या किमती असलेल्या पाच ओळी दिसतात आणि त्यांच्याखाली `main`. वहीतलं पान उलटं धरल्यासारखंच ते दिसतं.

कागदावर चुकाही दिसतात. याच प्रोग्रॅमला शून्य दिलं तर एकच चौकट निघते, ती लगेच परतते आणि पडदा कोराच राहतो. वास्तविक `0` दिसायला हवं. दुसरी ओळ काढून टाकून हाकेच्या ओळीत `if (n >= 2) bin(n / 2);` असं लिहिलं, की ही उणीव भरून निघते. याउलट कुणी थांबण्याची अट `n == 1` अशी लिहिली, तर १३ चे `101` होतात, पहिला अंक गळतो. आणि शून्य दिलं तर शून्याखाली शून्य, त्याखाली पुन्हा शून्य, पान भरलं तरी चौकटी संपत नाहीत. खऱ्या यंत्रावर अशा वेळी स्टॅकची जागा संपते आणि प्रोग्रॅम सहसा `Segmentation fault` म्हणत कोलमडतो.

या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती ताईनं लपवलेली नाही. फिबोनाचीची संख्या काढणारं नेहमीचं रिकर्शन घ्या: `fib(5)` ला १५ हाका होतात, त्या एका पानावर मावतात. `fib(30)` ला २६ लाख ९२ हजार ५३७ होतात! शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमचा असा हिशेब मांडत बसलं, तर नवीन काही लिहिणं होणारच नाही. लिहिताना छोटी हाक आपलं काम चोख करील असं गृहीत धरून पुढं जावं लागतं: `bin(6)` नं `110` छापलं, की `bin(13)` ला त्यापुढं फक्त `1` लावायचा आहे. अनेक शिक्षक हा विश्वास पहिल्याच तासाला ठेवायला सांगतात. ताईचं मत वेगळं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. चार-पाच प्रोग्रॅमच्या चौकटी काढून झाल्यावर हा विश्वास मुलाला आपसूक येतो. त्याआधी सांगितला तर तो घोकलेलं वाक्य होऊन बसतो.

ज्यांना करून पाहायचंय त्यांनी `bin(10)` घ्यावं, मूळ प्रोग्रॅमसाठी एकदा आणि ओळींची अदलाबदल केलेल्यासाठी एकदा. दोन्ही वेळा पाचच चौकटी होतील. पहिल्याचं उत्तर `1010` आणि दुसऱ्याचं `0101` यायला हवं.