पुन्हा पुन्हा येणारा शोक

मूल दगावले तर समाज आईबापांभोवती गोळा होतो. सुतक असते, दहावे-तेरावे असते. शोकाला प्रारंभ असतो आणि निदान लौकिक अर्थाने त्याचा शेवटही असतो. परंतु मूल पाळण्यात हातपाय हलवीत आहे, आणि त्याच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन आहे, ही अवस्था जन्मभर राहणारी आहे, असे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले आहे, अशा घरी शोक करावयाचा तो कोणाचा? गेले आहे ते मनात वाढविलेले मूल. त्याच्यासाठी रडावे, तर समोरच्या मुलाशी द्रोह केल्यासारखे वाटते.

हा शोक पायऱ्यापायऱ्यांनी ओसरतो, असे पुष्कळांनी मांडले आहे. प्रथम धक्का, मग नकार, मग दुःख व संताप, हळूहळू जुळवणूक आणि अखेर घडी बसणे, असा क्रम १९७५ साली ड्रोटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितला. हा क्रम निरुपयोगी नव्हे. पण तो वाचणाऱ्याचा असा समज होतो, की शेवटची पायरी चढली की प्रवास संपला. त्यापूर्वीच, १९६२ मध्ये, सायमन ओल्शान्स्की या अमेरिकन समाजकार्यकर्त्याने वेगळी गोष्ट सांगितली होती. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या आईबापांचे दुःख मूल व ते जिवंत असेतोवर राहते. ते विकृती नव्हे, तर स्वाभाविक प्रतिक्रिया होय, असे त्याचे म्हणणे. 'तुम्ही अजून स्वीकार केलेला नाही' असे पालकांना सुनावणाऱ्या तज्ज्ञांवर त्याचा रोख होता, आणि तो आजही चुकीचा वाटत नाही.

एक कुटुंब कल्पावे. निदानानंतर वडील धावपळीला लागतात. हृदयाची तपासणी आवश्यकच असते, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांत हृदयाचा जन्मजात दोष आढळतो. थायरॉइडचीही तपासणी होते. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. हा वैद्य, तो दवाखाना, कोणीतरी सांगितलेले औषध, असे चालूच राहते. आई मात्र अबोल होते. तिला वाटते, यांना काहीच वाटत नाही. त्यांना वाटते, ही हातपाय गाळून बसली आहे. वस्तुतः दोघेही शोकच करीत असतात, फक्त एकाच वेळी एकाच रीतीने नव्हे. अनेक घरांतील अबोल्याचे मूळ येथे सापडते.

मूल दुसऱ्या वर्षाच्या सुमारास चालू लागते आणि घरात खरोखर आनंद होतो. मग धाकटी बहीण जन्मते. ती पाच वर्षांची असताना एका सकाळी स्वतःच्या बुटाची नाडी बांधते. सात वर्षांच्या भावाला ते जमत नाही, आणि सारे सावरले असे समजणारी आई स्वयंपाकघरात जाऊन रडते. निदानाचा दिवस जणू पुन्हा उगवतो. शाळाप्रवेश, वयात येणे, बरोबरीच्या मुलांचे कॉलेज, अशा प्रत्येक वळणावर हेच घडू शकते. लिन विकलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पालक आणि समाजकार्यकर्ते या दोघांनाही या वळणांविषयी विचारले. समाजकार्यकर्त्यांनी आरंभीच्या दुःखाचा अंदाज अधिक केला होता, नंतरच्या वर्षांतील दुःखाचा कमी. म्हणजे मदतीचे हात मागे घेतले जातात तेव्हाही गरज उरलेलीच असते.

मग सावरणे ओळखावे कसे? पियांटा व मार्विन या मानसशास्त्रज्ञांनी पालकांस साधे प्रश्न विचारण्याची पद्धत बसविली: निदान कळले तेव्हा काय वाटले, आणि आता त्यात काय पालटले? सावरलेला पालक दुःख नाकारीत नाही. तो तेव्हाचे आणि आताचे यांतील फरक सांगू शकतो, 'हे माझ्याच वाट्याला का' याचा शोध त्याने सोडलेला असतो, आणि मुलाला काय येते व काय येत नाही हे तो ठीक सांगतो. न सावरलेला त्याच दिवशी अडकलेला असतो, किंवा आपल्यावर काहीच परिणाम झाला नाही असे तो आग्रहाने सांगतो. लाटेसारखे येणारे हे दुःख आणि नैराश्याचा आजार यांत मात्र गल्लत होऊ नये. लाट ओसरली की मुलाच्या खोड्यांवर हसू येते. दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज, कशातच रस न वाटणे आणि झोप व भूक उडणे हा आजार असू शकतो. त्यावर उपचार लागतात.

मुलाला अठरावे लागते तेव्हा आणखी एक लाट येते, आणि ती भविष्याकडून येते: आपल्यामागे याचे कोण? येथे शोकाला करण्याजोगे काम मिळते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये, ज्याला गरज आहे अशा सज्ञान व्यक्तीसाठी स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. आमच्या कल्पित घरी तो अर्ज वडील भरतात, आणि यावेळी अबोल होतात ते तेच. आई शेजारी बसून राहते. आपल्या अर्जावर एवढा वेळ का लागतो आहे, हे विचारायला मुलगा दोनदा आत येऊन जातो.