उशाशी लव्हेंडर: दोन थेंब पुरेत

झोपेसाठी लव्हेंडरचं तेल आणलं की पहिल्या रात्री वास छान दरवळतो. पाच-दहा मिनिटांत तो येईनासा होतो, म्हणून हात पुन्हा बाटलीकडे जातो. खरं तर वास गेलेला नसतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. खोलीत नुकत्याच आलेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. नाकाला येईना म्हणून थेंब वाढवत गेलं, तर झोपेऐवजी डोकेदुखी पदरात पडते.

एक-दोन थेंब पुरतात. कापसाच्या बोळ्यावर ते टाकावेत आणि बोळा एका वाटीत ठेवून वाटी उशापासून हातभर लांब ठेवावी. अभ्र्यावर थेट तेल नको. रात्रभर गाल त्यावर घासतो, आणि शुद्ध तेल त्वचेला झोंबू शकतं. बाटली जुनी असेल तर अधिकच, कारण लव्हेंडरमधला लिनालूल हा घटक हवेशी संयोग पावला की त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. दहा मिलिलिटरच्या बाटलीत साधारण दोनशे थेंब असतात, म्हणजे लहान बाटलीही महिनोन्‌महिने पुरते.

विकत घेताना लेबलवर ‘लॅव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया’ हे वनस्पतीचं नाव शोधा. जम्मूतल्या भदरवाहच्या शेतांतून आता देशी तेलही येतं. ‘लॅव्हँडिन’ हा संकर स्वस्त मिळतो, पण त्यात कापूर जास्त असल्याने वास उग्र असतो. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते अत्तराचंच काम करणार.

आता अपेक्षा किती ठेवायची? यावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि वास लपवता येत नसल्यामुळे आपल्याला काय दिलंय हे माणसाला कळतंच. झोप थोडी बरी लागल्याचं अनेक जण सांगतात. त्यात तेलाचा वाटा किती आणि दिवा मालवून, मोबाइल ठेवून शांत पडण्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. मला तर दुसरा वाटा मोठा वाटतो. रोज त्याच वेळी तोच वास आला की आता झोपायचं, ही खूण शरीराला पटते. ते काही थोडकं नाही.

मात्र घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर लव्हेंडरचा काही उपयोग नाही. दम्याच्या रुग्णाला तीव्र वासाने त्रास होऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत आणि मांजर झोपतं तिथे हे तेल नको. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, ते पोटात जाणं धोक्याचं असतं. आणि आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नाही असं तीन महिने चाललं असेल, तर नवी बाटली आणण्याऐवजी डॉक्टरांना भेटा.