भाडं अठ्ठावीस हजार, हप्ता बावन्न हजार

बाणेरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक नोकरीसाठी बेंगळुरूला, फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला. महिन्याला २८,००० रुपये भाडं येतं आणि ५२,००० रुपयांच्या आसपास हप्ता जातो. ‘खिशातूनच पैसे जातायत, मग मला कसलं आलंय भाड्याचं उत्पन्न?’ असं या मालकाला वाटतं. प्राप्तिकर कायद्याला मात्र हप्ता ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे वर्षभराचं भाडं, महापालिकेला भरलेला कर, ठरावीक ३० टक्के आणि व्याज, तेही याच क्रमाने.

आपण हा फ्लॅट घेऊनच हिशेब मांडू. १२ महिन्यांचं भाडं झालं ३,३६,००० रुपये. मालकाने त्या वर्षात पुणे महापालिकेला मिळकतकराचे १८,००० रुपये भरले. ते वजा केल्यावर उरतात ३,१८,०००. कायद्याच्या भाषेत हे घराचं निव्वळ वार्षिक मूल्य. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ९५,४०० रुपये, प्रमाणित वजावट. उरले २,२२,६००. आता यातून व्याज वजा करायचं.

व्याजाकडे वळण्याआधी वरच्या दोन पायऱ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

मिळकतकराला दोन अटी आहेत: तो मालकाने भरलेला असावा आणि त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा. बिल आलं पण पैसे एप्रिलमध्ये भरले, तर वजावट पुढच्या वर्षात गेली. उलट तीन वर्षांची थकबाकी यंदा एकदम भरली, तर ती सगळी यंदाच वजा होते. करारात ‘मिळकतकर भाडेकरू भरेल’ असं लिहिलं असेल आणि तो खरोखर भरत असेल, तर मालकाला ही वजावट नाही. पुण्यात आणखी एक गोष्ट आहे. मालक स्वतः राहत असेल तर महापालिका निवासी मिळकतीच्या करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते आणि बिल फुगतं. पावती तेवढी जपून ठेवावी. वाढलेल्या बिलाचा थोडा भाग तरी या वजावटीतून भरून निघतो.

३० टक्क्यांचं गणित आधी मिळकतकर वजा करून मगच करायचं. थेट ३,३६,००० वर ३० टक्के धरले तर १,००,८०० येतात, म्हणजे ५,४०० रुपयांची जादा वजावट. रक्कम छोटी आहे, पण चूक ती चूकच. हे ३० टक्के मिळवायला एकही पावती लागत नाही. रंग काढला, नळ बदलले, दलालाला एक महिन्याचं भाडं दिलं, विमा उतरवला, की वर्षभर खिळासुद्धा ठोकला नाही, वजावट तेवढीच. त्याची दुसरी बाजू अशी, की प्रत्यक्ष खर्च ३० टक्क्यांहून जास्त झाला तरी वर एक पैसा मिळत नाही. लाखभर रुपये घालून स्वयंपाकघर नवं केलं म्हणून ते भाड्यातून वजा करायला गेलेले मालक दरवर्षी भेटतात, आणि सीए त्यांना दरवर्षी तेच उत्तर देतो.

सोसायटीचा मेंटेनन्सही याच ३० टक्क्यांत आला असं धरून चालणं सुरक्षित. म्हणून करार करतानाच विचार करावा. मेंटेनन्ससकट २८,००० भाडं ठरवून त्यातले ३,००० आपण सोसायटीला भरायचे, किंवा भाडं २५,००० ठरवून मेंटेनन्स भाडेकरूने थेट सोसायटीला द्यायचा. भाडेकरूच्या खिशातून दोन्ही वेळा तेवढेच पैसे जातात. मालकाच्या कागदावर मात्र पहिल्या प्रकारात वर्षाला ३६,००० रुपये जास्त भाडं दिसतं. अर्थात करारात लिहिलेलं आणि बँकेत दिसणारं एकच असायला हवं.

भाड्याचा आकडाही दिसतो तितका सरळ नसतो. घर दोन महिने रिकामं राहिलं, भाडं १० महिन्यांचंच आलं, तर हिशेब त्या २,८०,००० वर होतो. पण तोच फ्लॅट मामेभावाला ५,००० रुपयांत दिला तर ५,००० धरून चालत नाही. त्या भागात तसल्या घराला जे वाजवी भाडं येऊ शकेल, ते जास्त असेल तर तेच उत्पन्न मानलं जातं. भाडेकरूने दिलेलं परत करण्याजोगं डिपॉझिट हे भाडं नव्हे. भाडेकरूने बुडवलेलं भाडं वगळता येतं, पण त्यासाठी तो घर सोडून गेलेला असावा किंवा त्याला बाहेर काढण्यासाठी पावलं उचललेली असावीत, आणि वसुलीचे प्रयत्न झालेले असावेत. नुसतं ‘दिलं नाही हो त्याने’ पुरत नाही.

आता व्याज. समजा कर्ज ६० लाखांचं, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. पहिल्या वर्षी हप्त्यांपोटी सुमारे ६,२४,८०० रुपये जातात. त्यात व्याज सुमारे ५,०५,४०० आणि मुद्दल १,१९,४००. भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं ते फक्त व्याज. मुद्दलाची जागा वेगळी आहे, ८०सी कलमात, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. त्यामुळे बँकेकडून वर्षाअखेरीस मिळणारा व्याजाचा दाखला घ्यायचा आणि त्यातला व्याजाचाच आकडा उचलायचा. मिळकतकर भरला तरच वजा होतो, व्याजाचं तसं नाही. ते त्या वर्षापुरतं देय झालेलं धरतात.

घर बांधून होत असतानाचं व्याजही बुडत नाही. बांधकाम पूर्ण झालं त्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करायचं आणि बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच वर्षं समान भागांत घ्यायचं. असं तीन लाख साचलं असेल तर दरवर्षी ६०,०००. बरेच जण हे विसरतात, कारण चालू वर्षाच्या दाखल्यात ते दिसतच नाही. आपल्या उदाहरणात ते नाही असं धरू.

तर २,२२,६०० मधून ५,०५,४०० वजा. उत्तर उणे २,८२,८००. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला वरची मर्यादा नाही, म्हणून पूर्ण व्याज वजा झालं आणि या शीर्षाखाली तोटा उभा राहिला. मर्यादा आहे ती पुढच्या दारावर. हा तोटा पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून किती वळता करता येईल, हे करप्रणालीवर ठरतं.

जुन्या प्रणालीत वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख रुपये. पगार २० लाख असेल तर करपात्र पगार दोन लाखांनी कमी होतो आणि उरलेले ८२,८०० पुढे ओढले जातात. ते आठ वर्षं वापरता येतात, पण फक्त घरभाड्याच्याच उत्पन्नासमोर, पगारासमोर नाही. तोटा पुढे न्यायचा तर सहज या सोप्या फॉर्मवर काम भागत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. नोकरदाराला जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरावं लागतं. मुदत चुकली की आपोआप नवी प्रणाली लागू होते.

नव्या प्रणालीत ३० टक्के मिळतात, भाड्याच्या उत्पन्नाइतकं व्याजही वजा होतं आणि उत्पन्न शून्यावर येतं. दुसरं घर भाड्याने असेल तर एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यासमोर मांडता येतो. पण २,८२,८०० मधला एकही रुपया पगारातून वजा होत नाही. हल्ली बहुतेक नोकरदार नव्या प्रणालीत आहेत आणि दलाल मात्र अजून ‘व्याजावर टॅक्स वाचतो’ म्हणून दुसरा फ्लॅट विकतात. त्यांच्या बोलण्यात खोटं नाही, पण ते कुणासाठी खरं आहे ते सांगायचं राहून जातं.

जुन्या प्रणालीतल्या त्या ८२,८०० चं तरी पुढे काय होतं? समजा भाडं आणि मिळकतकर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, व्याजदर तोच राहिला, मुदतीआधी कर्ज फेडलं नाही. व्याज हळूहळू उतरतं, भाडं चढतं. पाचव्या वर्षी तोटा दोन लाखांच्या खाली येतो आणि पुढे ओढायला काही उरत नाही. पण घर करासाठी ‘फायद्यात’ येतं ते थेट अकराव्या वर्षी, आणि तेव्हाही जेमतेम १६,००० रुपयांनी. पहिल्या वर्षीचा तोटा नवव्या वर्षापर्यंतच जिवंत असतो. म्हणजे भाड्याचं दुसरं उत्पन्न नसेल तर ते ८२,८०० न वापरताच बाद होतात, आणि दुसऱ्या वर्षाचे सुमारे ६०,००० रुपयेही त्याच वाटेने जातात.

यातून सुटण्याची एक रीतसर वाट आहे, पण ती घर घेतानाच धरावी लागते. दोन लाखांची मर्यादा घराला नाही, माणसाला आहे. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर खरेदीखतात निम्मा-निम्मा असेल, कर्जही दोघांनी घेतलं असेल आणि दोघंही आपापला हप्ता भरत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला भाड्याचे १,११,३०० आणि व्याजाचे २,५२,७०० येतात. प्रत्येकाचा तोटा १,४१,४००. दोघंही जुन्या प्रणालीत असतील तर दोन्ही तोटे पूर्णपणे पगारातून वळते होतात, पुढे ओढायला काही उरत नाही. नुसतं कर्जाच्या कागदावर सही करून हे जमत नाही. घराच्या मालकीत नाव नसेल तर व्याजाची वजावटही नाही. आणि खरेदीखत एकाच्या नावावर झाल्यानंतर विवरणपत्रात मात्र निम्मं-निम्मं दाखवणं हा तर खात्याच्या नोटिशीला स्वतःहून दिलेला पत्ता.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, ‘करवर्ष’ हा शब्द आला. भाडं, त्यातून भरलेला मिळकतकर, उरलेल्यावर ३० टक्के आणि शेवटी व्याज, हा क्रम तसाच आहे.