शंभरात दोन

मुकादमाने विहिरीच्या भिंतीला तळहात लावला आणि तो तसाच उभा राहिला. वर यारीचं इंजिन धडधडत होतं, बादलीतून दगड वर जात होते, आणि हा माणूस ताप बघावा तसा खडकाला हात लावून थांबलेला. मग हात खाली घेऊन म्हणाला, “आलं होतं रात्री. आता मागं सरलंय.”

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, लोणी-धामणीच्या पट्ट्यात, मे महिन्यात मी गेलो तो या विहिरीसाठी. एकच विहीर तिसऱ्यांदा खोल करतायत, हे ऐकून राहवेना. आधी 38 फूट होती, मग 45 केली, मग 52. आता 60 पर्यंत न्यायची. माझ्यासोबत एक भूवैज्ञानिक मित्र होता. दोराच्या शिडीने आम्ही उतरलो. खाली सुरुंगाच्या दारूचा उग्र वास होता आणि त्याच्या आड ओल्या मुरमाचा, पहिल्या पावसासारखा.

विहिरीची भिंत म्हणजे त्या जमिनीचा उभा छेदच. वर चार-पाच फूट माती. मग 20 फुटांपर्यंत मुरूम, नखाने उकरला तरी सुटणारा. त्याखाली मांजऱ्या: लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची छिद्रं, कुठे मोकळी तर कुठे पांढऱ्या खड्यांनी बुजलेली. 38 फुटांवर लाल मातीची वीतभर पट्टी. आणि तिच्याखाली काळा पाषाण, पहार मारली की खणकन वाजणारा. पाणी दिसलं ते एकाच जागी. लाल पट्टीच्या जरा वर मांजऱ्यात एक चीर होती आणि तिच्यातून करंगळीएवढी धार भिंतीला चिकटून उतरत होती. लाल माती पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकत येऊन तिथे बाहेर पडतं. शिवाराची सगळी ठेव त्या चिरेतून येत होती.

जमिनीखाली तळं असतं, नदी वाहते, अशी आपली समजूत असते. मित्राने मांजऱ्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. “असा शंभर घमेली खडक घेतला तर त्यातून उपसता येण्याजोगं पाणी दोन घमेली. शंभरात दोन. काळ्या पाषाणात तेवढंही नाही, भेगा असतील तिथेच काय ते.” गंगेच्या गाळाच्या प्रदेशात वाळूचे थर असतात, तिथे हाच आकडा दहाच्या वर जातो. आपल्याकडे दोन.

मी तिथेच दगडावर बसून हिशोब मांडला. एका एकराखाली 25 फूट जाडीचा मुरूम आणि मांजऱ्या पाण्याने पूर्ण भरलेला धरला, तर शंभरात दोनच्या हिशोबाने साठा होतो जेमतेम सव्वासहा लाख लिटर. पाच हॉर्सपॉवरची मोटर या खोलीवरून तासाला 25 ते 27 हजार लिटर उचलते. आठ तास चालली की दिवसाला दोन लाखांहून जास्त. एका एकराच्या पोटातलं सगळं पाणी तीन दिवसांत संपतं. मोटर त्यापुढेही चालते ती शेजारच्या एकरांतून पाणी सरकत येतं म्हणून. आणि कांद्याच्या एका एकराला काढणीपर्यंत 20 लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. या भागात पाऊस साधारण 600 मिलिमीटर, त्यातला दहावा हिस्सा मुरला तरी एकरामागे पावसाळ्यात अडीच लाख लिटरच जमा होणार. म्हणजे एका एकर कांद्याला आठ एकरांवरचं मुरलेलं पाणी लागतं. मी दोनदा मांडून पाहिलं. आकडा तोच आला.

पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला याच तालुक्यात पाऊस याच्या कितीतरी पट पडतो. पण तिथल्या आदिवासी वाड्याही एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन फिरतात. तिथे डोंगरउतारावर मुरुमाचा थर पातळ, पाणी झऱ्यांवाटे दिवाळीनंतर निघून जातं. पाऊस किती पडला याइतकंच, खडकाने किती धरला आणि किती दिवस धरला, हेही पाहावं लागतं.

साडेआठला शेतीची लाइट आली. आमच्या विहिरीवर काम चालू असल्यामुळे मोटर बंदच होती, पण दूर बांधापलीकडे एक मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग मोजता येईनात. सगळ्यांना ऑटो बसवलेले, लाइट येताच सगळं शिवार एकदम उपसायला लागतं. मुकादमाने मला चिरेकडे बोट दाखवलं. “बघा आता.” तासाभरात करंगळीएवढी धार सुतासारखी झाली. दहाच्या सुमाराला तिथे नुसती ओल उरली.

वरचे लोक म्हणतात, “विहीर आटली.” खाली उभं राहिल्यावर वेगळंच दिसतं. पाणी विहिरीकडे येतं ते उतारामुळे. मोटर उपसते तिथे भोवतालच्या पाण्याला खोलगट खळगा पडतो, उपसा वाढेल तसा तो पसरत जातो. दोन विहिरींचे खळगे एकमेकांना भिडले की दोघींचं पाणी झपाट्याने उतरतं. पाणी मांजऱ्यातून खाली गेलं की वाहायला जाडीच उरत नाही. 52 फूट खोल विहिरीत पाणी येणार ते 38 फुटांच्या वरूनच. खालचे 14 फूट म्हणजे रात्री झिरपलेलं साठवायची टाकी.

विहिरीचा मालक वरून ओरडला, “मामा, आठ फुटांनी काम होईल ना?” मुकादम म्हणाला, “दादा, दगड काढायचं काम माझं. पाणी काढणं काय माझ्या हातात नाही.”

बांधाच्या कोपऱ्यात साडेचारशे फुटांचं बोअर आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने 60 मीटर म्हणजे सुमारे 200 फुटांहून खोल विहिरींना मर्यादा घातली, तरी असं बोअर इथे नवलाचं नाही. मित्राने झाकण काढून कान लावायला सांगितलं. आतून टपटप आवाज येत होता, थेंबांचा. केसिंग पाइप वरच्या मातीपुरताच, त्याखाली भोक उघडं. मांजऱ्यातलं पाणी त्या भोकात पडून खोल भेगांमध्ये उतरत होतं. विहिरीला मिळायचं ते पाणी चोवीस तास, मोटर बंद असतानाही, तिथून निसटत होतं. त्या आवाजाने मला फार वाईट वाटलं. बोअर घेणाऱ्याने ते पोराबाळांसाठीच घेतलं होतं, आणि स्वतःच्याच विहिरीच्या कुशीला भोक पाडलं होतं. शेजाऱ्याने तर विहिरीतून चारी बाजूंना आडवे बोअर मारलेत. त्यातला एक या बांधाच्या दिशेने येतो, असं मुकादमाने हळू आवाजात सांगितलं.

दुपारी बार उडवले. सगळे वर आलो, जमीन पायाखाली हलली, धूर निघाला. धूर निवल्यावर मुकादम सगळ्यांच्या आधी उतरला. फुटलेला पाषाण हातात घेऊन त्याने ताजी बाजू अंगठ्याने चोळली. कोरडी ठक्क. एकाही तुकड्याला ओल नव्हती. मालक काही बोलला नाही, उद्याच्या बारासाठी दारू आहे का एवढंच त्याने विचारलं.

साडेचारला लाइट गेली. मोटरी एकेक करून नाही, एकदमच थांबल्या, आणि शिवार इतकं शांत झालं की पाखरांचा आवाज यायला लागला. यारी बंद झाली, पोरं घमेली धुवायला वर पाण्याच्या टाकीवर गेली. मुकादम खालीच थांबला होता. सहाच्या सुमाराला त्याने हाक मारली. मी वाकून पाहिलं. लाल पट्टीच्या वरच्या चिरेतून सुतासारखी धार पुन्हा उतरत होती. तिच्याखाली ओंजळ धरून तो ती भरायची वाट बघत होता.